एक तासिका आणि नाना तऱ्हेची मुलं: यूडीएलने टाचण काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

फळा_पुसणारी

सहावीला विज्ञान शिकवते. पुढचा पाठ बाष्पीभवनाचा आहे. पाणी कशामुळे लवकर वाळतं, कशामुळे उशिरा, एवढाच. एक तासिका, ४० मिनिटं. या सत्रापासून पाठाचं टाचण यूडीएलच्या, म्हणजे युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंगच्या, तक्त्यात भरून द्यायचं असं आमच्याकडे ठरलंय. तक्त्यात तीन रकाने आहेत: मुलांना गुंतवून कसं ठेवणार, आशय किती प्रकारे मांडणार, आणि मुलं आपल्याला समजलेलं किती प्रकारे दाखवणार.

वर्ग असा आहे. एका मुलीला अगदी जवळचंच दिसतं. एक मुलगा श्रवणयंत्र वापरतो. दोघातिघांना वाचायला फार वेळ लागतो, त्यातल्या एकाची बुद्धी मात्र तल्लख आहे. एका मुलीची घरची भाषा वेगळी आहे, आपलं बोलणं तिला निम्मंशिम्मं कळतं. एकजण पाच मिनिटांपलीकडे जागेवर टिकत नाही. आणि दोघीजणी अशा की मी प्रश्न पूर्ण करायच्या आत उत्तर देतात.

आता मी यांच्यासाठी सहा वेगवेगळ्या कृतिपत्रिका काढायच्या का? तसं असेल तर एका पाठामागे माझा रविवार जाईल. रकाने कसेही भरता येतात हो, पण वर्गात उभं राहून करायचं काय ते कोणी सांगेल का?

मुक्तछंद

ताई, सोपं आहे. आधी प्रत्येक मूल कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखायचं. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. त्यासाठी छोट्या प्रश्नावल्या मिळतात. मग तीन गट करायचे: बघणाऱ्यांना चित्रफीत, ऐकणाऱ्यांना गोष्ट, करणाऱ्यांना प्रयोग. यूडीएल म्हणजे हेच. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा घालायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

खडूशास्त्री

मुक्तछंद, शेवटचं वाक्य बरोबर, त्याआधीचं सगळं गैर. मूल बघणारं की ऐकणारं हे ठरवून त्या पद्धतीने शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला आधार सापडत नाही. हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन चाळून तेच म्हटलंय. मुलाला आवड असते, सवय असते, पण म्हणून त्याचा एक 'प्रकार' होत नाही. आणि एकदा का 'हा ऐकणारा' असा शिक्का बसला की त्याला वाचायला देणंच बंद होतं.

आता माझं खरं मत. मी यूडीएलचा भक्त नाही. ३० वर्षं शिकवलं, आणि चांगला शिक्षक हे नकळत करतच असतो. तक्ते आले की करणं कमी आणि भरणं जास्त. पण या शिक्षकांनी विचारलंय तर जाणकारांनी सांगावं, मी वाचतोय.

अडथळ्यांची_यादी

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी पाठ्यसाहित्य तयार करण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून थोडं लांबवतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेतून आली. १९८४ साली सुरू झाली तेव्हा ही मंडळी एकेका अपंग मुलाला संगणकाच्या मदतीने नेहमीचं पुस्तक वापरता येईल अशी सोय करून देत. हळूहळू ॲन मायर, डेव्हिड रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं की एकेका मुलाची डागडुजी करत बसण्यात अर्थ नाही, अडचण पुस्तकात आणि पाठात आहे. म्हणजे 'या मुलाला काय येत नाही' हा प्रश्न बाजूला ठेवून 'या पाठात न सांगता काय काय गृहीत धरलंय' हा विचारायचा. तुमचे तीन रकाने हे त्यांचेच. मार्गदर्शक तत्त्वं म्हणून ते पहिल्यांदा २००८ साली आले आणि सध्याची ३.० आवृत्ती २०२४ची आहे.

पण टाचण काढताना रकान्यांपासून सुरुवात केली की हमखास घोळ होतो. चित्रफीत, गाणं, तक्ता, खेळ असं जे सुचेल ते तीन रकान्यांत वाटून टाकलं जातं आणि पाठ फुगतो. सुरुवात उद्दिष्टापासून करा. तुमचं सध्याचं उद्दिष्ट काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका, मग पुढे बोलू.

सहा कृतिपत्रिका मात्र काढू नका. एकच पाठ, त्यात दोन-तीन ठिकाणी लवचीकपणा, आणि ती लवचीकता सगळ्यांना खुली.

उंबरठा

माझ्या मुलाला वाचनाची अडचण आहे, तसा दाखलाही आहे. यूडीएल लागू झालं म्हणजे त्याला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळेल का? शाळेत विचारलं तर म्हणाले, 'आता सगळ्यांनाच सोयी आहेत, वेगळ्या अर्जाची गरज नाही.' मला हे काही ठीक वाटेना.

अडथळ्यांची_यादी

@उंबरठा, तुम्हाला वाटतंय ते रास्त आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ सुरू होण्याआधी सगळ्यांसाठी केलेली आखणी म्हणजे यूडीएल. लेखनिक, जादा वेळ, ब्रेल, खुणांच्या भाषेचा दुभाषी हे एका मुलाच्या नावावरचे हक्क आहेत. आखणी चांगली असली की काही वेळा ते कमी लागतात, पण आखणी केली म्हणून ते काढून घेता येत नाहीत. अर्ज करा, आणि मिळालेलं उत्तर लेखी मागा. बाकी नियम तुमच्या परीक्षेचे कोणते आहेत त्यावर आहे, त्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं.

फळा_पुसणारी

उद्दिष्ट असं लिहिलंय: 'विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील उतारा वाचून बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक पाच ओळींत लिहितो.'

अडथळ्यांची_यादी

छान, म्हणजे उदाहरण म्हणून छान. या एका वाक्यात तुम्ही चार गोष्टी तपासताय: उतारा वेगाने वाचता येतो का, घटकांची नावं लक्षात राहतात का, हाताने पाच ओळी लिहिता येतात का, आणि बाष्पीभवन कळलं का. तुम्हाला हवी आहे चौथी. जो तल्लख मुलगा वाचायला वेळ लावतो तो पहिल्याच पायरीवर अडकणार, आणि त्याला विज्ञान येत नाही असं तुमच्या वहीत लागणार. उलट एखादी मुलगी 'तापमान, वारा, पृष्ठफळ' हे तीन शब्द उताऱ्यातून उचलून सुबक अक्षरात उतरवेल आणि पूर्ण गुण घेईल. तिला तरी कळलंय का, हे तुम्हाला कळणार नाही.

म्हणून उद्दिष्टातून साधन बाहेर काढायचं. विचारा: मुलाने वाचलं नाही, लिहिलं नाही, तरी काय केलं तर मी म्हणेन की याला आलं?

फळा_पुसणारी

हं. मग असं? 'दोन ओल्या वस्तूंत एकच गोष्ट वेगळी ठेवली असेल, तर कोणती लवकर वाळली आणि का, हे मूल मोजमाप दाखवून सांगतं.'

अडथळ्यांची_यादी

उत्तम. आणि बघा, हे पहिल्यापेक्षा अवघड झालंय. आता नावं पाठ करून भागणार नाही, तुलना करावी लागेल आणि पुरावा द्यावा लागेल. यूडीएल म्हणजे पाठ सोपा करणं, असा जो समज आहे तो इथे मोडतो. उद्दिष्ट सगळ्यांना तेच, त्यात सूट नाही. तिथवर जायच्या वाटा दोन-तीन.

आता तुमचा पाठ मिनिटामिनिटाने डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे मुलाकडून न सांगता काय मागितलं जातंय. प्रयोग कोणता करणार आहात?

फळा_पुसणारी

एका बशीत आणि एका पेल्यात सारखं पाणी घालून खिडकीत ठेवायचं. पुस्तकात तेच आहे. दुसऱ्या दिवशी बघायचं.

लोलक

बशी-पेल्याने तासिकेत काहीच दिसणार नाही हो, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाला काय ठेवलं होतं तेच आठवत नसतं. जागेवर न टिकणाऱ्या मुलासाठी तर तो प्रयोग नाहीच, ती नुसती वाट बघणं झाली.

सारखे दोन सुती हातरुमाल घ्या. दोन्ही भिजवून, पिळून, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सारख्या वजनाचे करा. हलका भरला त्यावर पाणी शिंपडायचं. मग एक सबंध पसरून टांगायचा, दुसरा चार पदरी घडी घालून. दोन्ही पंख्याखाली, सारख्या अंतरावर. २० मिनिटांनी पुन्हा वजन करा. हवा फार दमट नसेल तर पसरलेल्या रुमालाचं वजन दहा-बारा ग्रॅमने तरी उतरतं, घडीचं त्याच्या पाव-तिहाई. कापड तेच, पाणी तेवढंच, वारा तोच, बदललं फक्त उघडं क्षेत्रफळ. हवा कोंदट असेल तर फरक कमी येईल, म्हणून आदल्या दिवशी त्याच खोलीत एकदा करून बघा.

जाड_भिंग

मी स्वतः अल्पदृष्टी आहे, शाळेत पहिल्या बाकावर बसून सगळं शिकलो, म्हणून त्या मुलीच्या बाजूने बोलतो. काट्यावरचे आकडे लहान असतात आणि वर काच चकाकते. सगळा वर्ग काट्याभोवती गोळा होणार, कोणीतरी ओरडणार 'चौतीस!' आणि ती ते ऐकून वहीत लिहिणार. म्हणजे इतरांनी निरीक्षण केलं आणि तिने नोंद केली. माझं अख्खं विज्ञान असंच झालं.

आणि एक. मोठ्या अक्षराची प्रत देता तेव्हा कागद गुळगुळीत, चकाकणारा नको. त्याने अक्षर मोठं असूनही दिसत नाही. साधा कागद, जाड ठसठशीत रेघ, बस. तीच प्रत सगळ्यांना द्या, तिला एकटीला वेगळ्या रंगाची देऊ नका. मला तेव्हा तो मोठा कागद दप्तरातून बाहेर काढायचीच लाज वाटायची.

लोलक

@जाड_भिंग, यावर तोडगा आहे. कपडे टांगायचा हँगर घ्या, त्याचा आकडा एका गुळगुळीत बारीक दांडीवर अडकवा, की झाला तराजू. दोन्ही टोकांना चिमट्याने एकेक रुमाल, एक पसरलेला, एक घडीचा. सुरुवातीला हँगर आडवा समतल येईल असे चिमटे सरकवून घ्या. पसरलेला वाळत गेला की त्याची बाजू वर जाते. २० मिनिटांत दोन टोकांत साधारण दोन बोटांचा फरक पडतो, आणि हात फिरवला की तो कळतो. न बघता.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पंखा चालू असताना पसरलेला रुमाल शिडासारखा फुगतो आणि हँगर नाचतो. म्हणून बघायच्या वेळी पंखा बंद, हँगर स्थिर झाला की मगच हात लावायचा. आणि हँगरवरून कोणती बाजू हलकी झाली एवढंच समजतं, किती ते नाही. आकड्यासाठी काटा लागतोच.

अडथळ्यांची_यादी

हे फार नेमकं झालं. हँगर तिच्यासाठी सुचला, पण फायदा कोणाकोणाला होतो बघा. जिची भाषा वेगळी आहे तिला शब्दांवाचून घटना समोर दिसते. जो जागेवर टिकत नाही त्याच्याकडे दर पाच मिनिटांनी पंखा बंद करून टोकं तपासायचं काम देता येतं. उठणं हा मग गुन्हा राहत नाही, पाठाचा भाग होतो. आणि आकडा का लागतो हा प्रश्न वर्गात आपोआप येतो. हँगर 'कोणता' सांगतो, काटा 'किती' सांगतो, ही विज्ञानाचीच गोष्ट आहे. सजावट म्हणून घातलेली चित्रफीत हे काम करत नाही.

खुणांची_शाळा

कर्णबधिर मुलांना शिकवते. श्रवणयंत्राच्या मुलाबद्दल दोन वाक्यं. पंख्याचा आवाज यंत्रात घुसतो, त्या २० मिनिटांत तुम्ही बोललेलं त्याला नीट ऐकू येणार नाही. म्हणजे सूचना पंखा लावायच्या आधी.

दुसरं जास्त महत्त्वाचं. काट्याकडे बोट दाखवत तुम्ही बोलत असता तेव्हा ऐकणारं मूल काटा बघतं आणि कानाने ऐकतं. माझ्या मुलांना मात्र तुमच्या ओठांकडे बघायचं की काट्याकडे, यातलं एक निवडावं लागतं. आधी बोला, मग थांबा, मग दाखवा, पुन्हा थांबा. फळ्याकडे तोंड करून तर बोलूच नका. याला साहित्य लागत नाही, फक्त सवय लागते. गंमत म्हणजे ज्या मुलीला भाषा निम्मी कळते तिलाही नेमका हाच थांबा हवा असतो.

फळा_पुसणारी

मी फळ्यावर लिहिता लिहिताच बोलते. सगळेच बोलतात ना? बरं, लक्षात ठेवते.

आता तिसरा रकाना. मुलांनी समजलेलं कसं दाखवायचं? मी यादी केली: परिच्छेद, चित्र, तक्ता, नाट्यीकरण, गाणं, आवाज मुद्रित करणं, प्रतिकृती, प्रश्नमंजूषा. निवड त्यांची.

खडूशास्त्री

इथेच माझा विरोध आहे. आठ पर्याय दिलेत की १० मिनिटं निवडण्यात जातील. मग मैत्रिणीने घेतलं ते ती घेईल. जो लिहायला कंटाळतो तो चित्र काढेल, सूर्य, ढग, हसरा रुमाल. भिंतीवर लावाल, पालक खूश. त्यात कारण कुठे आहे? मी असे तक्ते शेकड्याने पाहिलेत. रंग भरपूर, विचार शून्य.

आणि पुराव्याचं बोलायचं तर यूडीएलचाही फार भक्कम नाही. मॅथ्यू कॅप यांनी २०१७ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. शिकण्याची प्रक्रिया सुधारते असं त्यात दिसतं, पण मुलांची संपादणूक वाढते हे सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर आहे. शिक्क्यांच्या प्रकाराला जो न्याय लावला तोच इथे लावा.

अडथळ्यांची_यादी

सर, कॅप यांच्या आढाव्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. २०२३ साली किंग-सीअर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणात संपादणुकीवर मध्यम स्वरूपाचा चांगला परिणाम दिसला. पण मूळ अडचण राहतेच: प्रत्येक अभ्यासातलं 'यूडीएल' वेगळं असतं. कुठे संगणकावरचं पुस्तक, कुठे शिक्षकांचं प्रशिक्षण. नेमकं कशाने झालं ते वेगळं काढता येत नाही. म्हणून मी कोणालाही 'सिद्ध झालेली पद्धत' म्हणून हे विकत नाही. अडथळा शोधून काढण्याची शिस्त म्हणून वापरतो.

आठ पर्यायांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ताई, तीनच ठेवा: लिहून, आकृतीला नावं देऊन, किंवा तोंडी. गाणं आणि नाटक काढून टाका. बाष्पीभवनावरचं गाणं चांगलं होण्यासाठी यमक जुळवावं लागतं, म्हणजे आपण आत्ताच एक अडथळा काढला आणि दुसरा आणून ठेवला.

आणि तिन्हींना कसोटी एकच. उत्तर कोणत्याही रूपात असो, त्यात तीन गोष्टी हव्यातच: काय लवकर वाळलं, त्याला पुरावा कोणता आकडा, आणि दोन्हीकडे सारखं काय ठेवलं होतं. हे तीन प्रश्न फळ्यावर सुरुवातीपासून ठळक लिहून ठेवा. चित्र काढणाऱ्याला हँगरच्या दोन्ही टोकांना आधीचं आणि नंतरचं वजन लिहावं लागेल, सारख्या गोष्टींची नावं द्यावी लागतील. ते नसेल तर सुंदर चित्रालाही 'अजून झालं नाही' म्हणायचं. सर म्हणतात तो हसरा रुमाल ओळखायची सोपी खूण आहे: चित्र हाताने झाका आणि विचारा, 'घडीचा किती ग्रॅमने उतरला? त्यावरून तुला काय कळलं?' मूल सांगू शकलं तर चित्र त्याचं आहे. नाही तर चित्राने वेळ खाल्ला.

मुक्तछंद

मग निवड द्यायची तरी कशाला? तीन प्रश्न आहेत, सगळ्यांनी तोंडी उत्तरं द्यावीत, विषय संपला.

अडथळ्यांची_यादी

सगळ्यांकडून तोंडी घेतलं तर जिची भाषा वेगळी आहे ती अडकेल, आणि चारचौघांत बोलायला घाबरणारं मूलही. ४० मिनिटांत सगळ्यांचं ऐकणारही कोण? कोणतीही एकच वाट ठेवली की कोणीतरी वाटेबाहेर राहतं. मुद्दा निवडीच्या गंमतीचा नाहीच.

पाढे_पंचावन्न

गणिताचा शिक्षक. एक शंका. मला शुद्ध हातचा घेऊन बेरीज करता यावी हेच शिकवायचं असेल, किंवा भाषेच्या तासाला परिच्छेद लिहिणं हेच शिकवायचं असेल, तर? तिथेही 'तोंडी सांगितलं तरी चालेल' म्हणायचं? आमच्याकडे एका प्रशिक्षणात अगदी असंच सांगितलं. लिहायचं नसेल तर चित्र काढू द्या म्हणे. निबंधाच्या तासाला!

अडथळ्यांची_यादी

नाही, तिथे नाही. जे शिकवायचंय तेच काढून घेतलं तर उरलं काय? परिच्छेद लिहिणं हेच उद्दिष्ट असेल तर परिच्छेद लिहावाच लागेल. लवचीकता मग आजूबाजूला ठेवायची: विषय निवडू द्या, आधी तोंडी बोलून मग लिहू द्या, शब्दांची पट्टी जवळ ठेवा, टंकलेखन चालेल का ते ठरवा. अक्षर वळणदार काढणं हे उद्दिष्ट असेल तर टंकलेखनही नाही. म्हणून म्हटलं, सगळं उद्दिष्टाच्या वाक्यावर अवलंबून. तेच पक्कं नसलं की प्रशिक्षणात सांगितलं तसं काहीही खपतं.

फळा_पुसणारी

बरं, आतापर्यंतचं जोडून पाठ असा बसवलाय. चुकत असेन तर सांगा.

पहिली पाच मिनिटं: ओला रुमाल हातोहात फिरवायचा आणि एकच प्रश्न, 'हा २० मिनिटांत वाळवायचा असेल तर काय कराल?' जे सुचेल ते सांगा, चित्र काढा, करून दाखवा. फळ्यावर तीन प्रश्न, मी फळ्याकडे पाठ करून वाचून दाखवणार. पुढची सात-आठ मिनिटं मांडणी. वजनं मुलं करणार, आकडा एकाने मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने जाड पेनाने मोठ्या कागदावर लिहायचा. सगळ्या सूचना इथेच संपवायच्या, मग पंखा.

पंख्याची २० मिनिटं ही खरी तासिका. पुस्तकातला उतारा मी आधीच मोठ्या अक्षरात, छोट्या तुकड्यांत, शेजारी रेखाचित्रांसह काढून ठेवते. ज्याला हवा तो वाचेल, ज्याला नको तो जोडीदाराकडून ऐकेल. दर पाच मिनिटांनी पंखा बंद, हँगर तपासणी, त्याच वेळी मी बोलणार. टेबलावर शब्दांची पट्टी: जास्त, कमी, सारखं ठेवलं, बदललं, कारण. शेजारी 'हा लवकर वाळला कारण...' अशी अर्धी वाक्यं. कोणीही उचलावी. ज्या दोघी आधीच उत्तर देतात त्यांना विचारणार: घडीचा रुमाल पंख्याखाली आणि पसरलेला बंद कपाटात ठेवला तर? आणि या प्रयोगातून ते ठरवता येईल का?

शेवटची सात मिनिटं पुन्हा वजन, आणि तीनपैकी एका रूपात उत्तर.

लोलक

दोघींचा प्रश्न झकास. दोन गोष्टी एकदम बदलल्यात, म्हणजे ठरवता येणार नाही, हे त्यांना स्वतःहून सापडलं पाहिजे. लगेच सांगू नका.

खुणांची_शाळा

उतारा आणि हँगर एकाच वेळी नको. वाचत असताना पंखा थांबला तर माझं मूल कळायच्या आत हुकेल. थांबण्याआधी दिवा एकदा बंद-चालू करा.

अडथळ्यांची_यादी

शेवटी सात मिनिटं कमी पडतील. पहिले दोन प्रश्न पंख्याच्या वेळातच सुरू करून द्या, आकडा तेवढा नंतर भरू द्या. अर्ध्या वाक्यांची पट्टी पुढच्या पाठालाही ठेवा, पण तिसऱ्या-चौथ्या पाठापासून टेबलावर न ठेवता कपाटात ठेवा. ज्याला लागेल तो उठून घेईल. किती जण उठतात त्यावरून तुम्हाला कळेल कोणाला अजून गरज आहे. कायम समोर राहिली की येणारी मुलंही तीच वाक्यं गिरवत बसतात.

खडूशास्त्री

टाचण चांगलं आहे, मान्य करतो. पण माझा प्रश्न तसाच आहे. वाचायला वेळ लावणारा तो तल्लख मुलगा दर पाठाला तोंडी उत्तर निवडणार. वर्षभर. आणि वर्षाअखेर त्याच्या हातात लेखी प्रश्नपत्रिका पडणार. तेव्हा त्याने वर्षभर लिहिलेलंच नसेल. हे त्याच्या भल्याचं झालं का?

उंबरठा

सर, माझा मुलगा नेमका तोच आहे. पण वर्षभर फक्त लिहायलाच लावलं तेव्हा त्याने विज्ञानच सोडून दिलं होतं, 'मला येत नाही' म्हणून. आता निदान घरी येऊन सांगतो तरी.

अडथळ्यांची_यादी

मी असं करतो: विज्ञानाच्या तासाला तोंडी चालू द्यायचं, पण त्याने बोललेलं त्याच्याचकडून दोन ओळींत उतरवून घ्यायचं, दर आठवड्याला एकदा. गुण तोंडी उत्तराला, सराव लिहिण्याचा. माझ्या सहकारी बाई याच्या विरोधात आहेत. त्यांच्या मते असं केलं की निवड ही निवड राहत नाही, मुलाला फसवल्यासारखं वाटतं. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

खडूशास्त्री

मी तुमच्या बाजूने. आठवड्याला एक मात्र कमी आहे, दोनदा करा.

पाढे_पंचावन्न

मी बाईंच्या बाजूने. लिहायला भाषेचा तास आहे ना, विज्ञानात कशाला? बाकी फळा_पुसणारी, हातरुमाल एकाच कापडाचे, एकदा धुतलेले घ्या. नव्या कापडाला खळ असते, पाणी नीट शोषत नाही, आणि वजनं जुळवण्यातच तुमची पाच मिनिटं जातील.